हेझी पेल एल अखेर धुसर आणि रसाळ झाली

पर्वरीतल्या आमच्या छोट्या ब्रूअरीत पेल एल चवीला कडवट व्हायची आणि आठवडाभरात काचेसारखी नितळ. हॉप्स उत्तम होते, मात्र बहुतेक सगळे उकळीच्या सुरुवातीलाच पडत. तासभर उकळल्यावर त्यांतलं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं आणि कडवटपणा तेवढा उरतो.

म्हणून २० लिटरच्या चाचणीत उकळताना हॉप्स जवळपास घातलेच नाहीत. आच बंद करून वर्ट, म्हणजे न आंबवलेला माल्टचा गोड काढा, ८० अंशांवर आणलं, मग १०० ग्रॅम सिट्रा जातीचे हॉप्स घालून वीस मिनिटं ठेवलं. आंबणं संपत आलं तेव्हा आणखी १०० ग्रॅम थंडच टाकले. आंबा-संत्र्याचा वास खरा इथून आला.

यीस्टही बदललं. लंडन एल थ्री हे यीस्ट स्वतःचा फळांसारखा गंध देतं. गोव्याच्या उकाड्यात टाकी २० अंशांवर राखणं मात्र भागच आहे.

धुसरपणा टिकतो तो ओट्स-गव्हाची प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स एकत्र आल्यामुळे. ग्लास दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून बघा. तळाशी पांढरा थर बसून वरची बिअर नितळ झाली, तर ते नुसतं तरंगणारं यीस्ट होतं.