पैसे कापले गेले, पण कोणत्या खात्यातून?

आईच्या फोनवर तिचं आणि माझं अशी दोन गूगल खाती आहेत. रियाजासाठी तिने तानपुऱ्याच्या अ‍ॅपचं कुलूप ४५० रुपये भरून उघडलं होतं. फोन दुरुस्त करून आणल्यावर तेच अ‍ॅप पुन्हा पैसे मागू लागलं. आई हिरमुसली. बँकेच्या मेसेजमध्ये रक्कम आणि तारीख होती, पण कार्ड दोन्ही खात्यांना जोडलेलं, त्यामुळे नेमकं खातं कळेना.

ते कळलं पावतीवरून. प्ले स्टोअरची पावती ज्या खात्याने खरेदी केली त्याच्याच जीमेलवर जाते. मी दोन्ही इनबॉक्समध्ये `GPA` शोधलं, कारण ऑर्डर क्रमांक त्याच अक्षरांनी सुरू होतो. पावती माझ्या मेलमध्ये निघाली! खात्री करायला प्ले स्टोअरमध्ये वरच्या गोल फोटोवर बोट ठेवून माझं खातं निवडलं आणि `Payments & subscriptions` मधून `Budget & history` उघडलं. तिथेही तीच तारीख, तेच ४५०.

दुरुस्तीनंतर आईने अ‍ॅप स्वतःच्या खात्यातून उतरवलं होतं, घोळ तिथेच झाला. खरेदी एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येत नाही. म्हणून अ‍ॅप काढून टाकलं, स्टोअरमध्ये माझं खातं ठेवलं आणि तिथूनच पुन्हा उतरवलं. उघडताच कुलूप गेलेलं. नुसतं खातं बदलून भागत नाही, आधी अ‍ॅप काढावंच लागलं.

संध्याकाळी आईने काळी दोनचा षड्ज लावला.