या चुका टाळा: स्क्रीनशॉटांवरून क्रिप्टोची सरासरी खरेदी किंमत काढताना

एकाच क्रिप्टोकरन्सीची थोडीथोडी खरेदी करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक स्क्रीनशॉटवरील दर घेऊन त्यांची सरासरी काढणे. उदाहरणार्थ, इथरच्या तीन खरेद्यांत दर वेळी ५० डॉलर खात्यातून गेले, त्यांतला १ डॉलर शुल्काचा होता आणि दर अनुक्रमे २०००, २५०० व १६०० डॉलर होते असे समजू. दरांची साधी सरासरी २०३३.३३ येते, पण ती तुमची खरेदी किंमत नव्हे. ठरावीक रकमेत स्वस्त दराने जास्त इथर मिळते, त्यामुळे त्या दराचे वजनही जास्त धरावे लागते.

म्हणून आधी मिळालेले नग मोजावेत. ४९ डॉलरना अनुक्रमे ०.०२४५, ०.०१९६ आणि ०.०३०६२५, म्हणजे एकूण ०.०७४७२५ इथर मिळाले. खात्यातून गेलेल्या १५० डॉलरना या संख्येने भागले की सरासरी खरेदी किंमत २००७.३६ डॉलर येते. शुल्क विसरून १४७ डॉलरना भागले, तर ती १९६७.२१ वर उतरते आणि नफा फुगलेला दिसतो.

आता बाजारभाव २०२० डॉलर असेल, तर हातातल्या इथरचे मूल्य १५०.९४ डॉलर होते आणि कागदावरचा नफा केवळ ०.९४ डॉलर, म्हणजे सुमारे ०.६ टक्के ठरतो. शुल्क वगळणाऱ्याला तोच ३.९४ डॉलर दिसेल, तर साध्या सरासरीवर विसंबणाऱ्याला सुमारे एक डॉलरचा तोटा झाल्याचे वाटेल. विक्रीच्या वेळचे शुल्क यात अजून धरलेलेच नाही, त्यामुळे इतका बारीक नफा विक्रीनंतर उरेलच असे मानू नये.

स्क्रीनशॉटांची स्वतःची एक अडचण आहे. यादीच्या पडद्यावर नगसंख्या बहुधा ०.०३०६ अशी छाटून दाखवली जाते. पूर्ण आकडा व्यवहाराच्या तपशिलात सापडतो, म्हणून शक्य असेल तेव्हा तपशिलाचाच स्क्रीनशॉट घ्यावा. यादी वर सरकवत लागोपाठ घेतलेल्या चित्रांत शेवटची ओळ पुढच्या चित्रात पुन्हा येते आणि एकच खरेदी दोनदा मोजली जाते. ऑर्डर क्रमांक किंवा सेकंदापर्यंतची वेळ टिपून ठेवली तर हे लगेच लक्षात येते. केवळ रक्कम आणि तारीख पुरत नाही, कारण ठरावीक रकमेच्या खरेद्या दिसायला सारख्याच असतात.

सगळे जुळले की नाही हे खात्यातील शिल्लक सांगते, अर्थात मधल्या काळात काही विकले किंवा इतरत्र हलवले नसेल तर. तुमची बेरीज शिल्लकेपेक्षा नेमकी एका खरेदीइतकी जास्त असेल तर ती ओळ दोनदा धरली गेली आहे. तितकीच कमी असेल तर एखादा स्क्रीनशॉट राहिला आहे. बेरीज प्रत्येक खरेदीमागे ठरावीक टक्क्याने जास्त निघत असेल, तर शुल्क डॉलरमध्ये नव्हे, इथरमध्येच कापले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी भागताना प्रत्यक्ष जमा झालेली नगसंख्या घ्यावी आणि खर्चात ते शुल्क पुन्हा मिळवू नये.