दोन शब्द जोडून हॅण्डल करताना सांधा कसा तपासायचा

दोन शब्द निवडा, जोडा, लांबी बघा. एक्सवर 15 अक्षरं मिळतात, इन्स्टाग्रामवर 30. इथवर कुणालाही जमतं. पहिल्या शब्दाचं शेवटचं आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर सामाईक असेल, तर ते एकदाच लिहा. दोन शब्द एकमेकांत मुरल्यासारखे वाटतात.

खरं काम यानंतर सुरू होतं. जोडताना शब्दांमधली मोकळी जागा जाते आणि वाचणारा आपल्या सोयीने नवी जागा पाडतो. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर 2013 साली गेल्या तेव्हा `#nowthatchersdead` हा हॅशटॅग फिरत होता. त्यात अनेकांना ‘थॅचर’ दिसल्याच नाहीत, ‘now that Cher’s dead’ दिसलं, आणि शेर या गायिकेचे चाहते हादरले.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करा. हा सल्ला अजिबात ऐकू नका. इन्स्टाग्राम हॅण्डलमधली सगळी अक्षरं लहानच ठेवतं, आणि दुसरीकडे कॅपिटल टिकलं तरी तुमचं नाव टाइप करणारे लोक ते पाळत नाहीत. म्हणून पहिल्यापासून सगळं लहान लिपीतच लिहून तपासा.

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले की घोळ आणखी वाढतो. `a` म्हणजे अ की आ, `t` म्हणजे त की ट, `l` म्हणजे ल की ळ, हे वाचणारा ठरवतो, तुम्ही नाही. दुसरा शब्द `h` ने सुरू होत असेल तर जास्तच जपा, कारण तो `h` मागच्या अक्षराला चिकटतो. रस आणि हास्य जोडून `rashasya` केलंत की स आणि ह यांचा श होतो, आणि इंग्रजी नजरेला आधी अंगावरचं पुरळ दिसतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. चित्रं काढणाऱ्या आणि सुगंधी तेलं बनवणाऱ्या एका मैत्रिणीला रंग आणि गंध जोडून हवे होते. `g` सामाईक, म्हणून `rangandh`. दिसायला सुरेख, आठच अक्षरं. आता मधला `a` आ करून वाचा: रंगांध. चित्रकाराच्या नावावर रंगांधळेपणाची पाटी! शब्द उलटे करून `gandhrang` करावं, तर हिंदी वाचणाऱ्याला सुरुवातीलाच ‘गंद’, म्हणजे घाण, दिसण्याची भीती.

गंध सोडून अत्तर घेतलं. `rangattar` मध्ये दोन्ही शब्द पूर्ण आहेत, वरवर काही खुपत नाही. पण सांध्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरं घेऊन बघा. मी नेहमी असंच करते: सांध्यावर बोट ठेवायचं आणि सांधा ओलांडणारे तीन, चार, पाच, सहा अक्षरांचे तुकडे कागदावर उतरवायचे. मूळ शब्दांच्या पोटातले तुकडे सोडून द्या; नको ते शब्द बहुधा सांध्यावरच तयार होतात. इथे `gattar` हा तुकडा निघाला. ट वापरून वाचा, की थेट गटार. अत्तराच्या नावात!

मग अत्तर पुढे आणलं, `r` सामाईक ठेवला: `attarang`. सांधा ओलांडणारे तुकडे `tara`, `taran`, `tarang`. तारा, तारण, तरंग. तिन्ही निरुपद्रवी आणि शेवटचा तर फुकटात मिळालेला दागिना. प्रत्येक तुकडा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही नजरांनी वाचा. एका नजरेला जे साधं वाटतं, ते दुसरीला खटकू शकतं.

हे झालं की नाव माहीत नसलेल्या दोघांना नुसतं लिहून दाखवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. ‘कसं वाटतं?’ विचारू नका. लोक भिडेखातर छान म्हणतात. वाचताना कुठे थांबतात, तेवढंच टिपा. थांबा भलत्या जागी पडला आणि शब्द बदलायचे नसतील, तर अंडरस्कोर टाका. टिंबाच्या भरवशावर राहू नका, एक्स ते घेत नाही.

शेवटी उलट चाचणी: नाव फोनवर सांगा आणि समोरच्याला टाइप करायला लावा. `attarang` ऐकणारे एकच `t` घालतात, असं आढळलं. `atarang` मोकळं असेल तर तेही नोंदवून ठेवा आणि तिथे खऱ्या हॅण्डलचा पत्ता लिहा.