आईची चक्कर आणि माझं ‘डिझी’

आई माझ्याकडे परदेशी आली आणि पंधरा दिवसांत म्हणायला लागली, “मला चक्कर येते गं.” मी डॉक्टरांना सांगितलं, ‘शी फील्स डिझी.’ त्यांनी कान तपासले, गरगरणं थांबवायची गोळी दिली. फरक काहीच नाही, उलट आई दिवसभर पेंगायची.

मग एका सकाळी मी तिच्याजवळ बसून विचारलं, “खोली फिरते का तुझ्याभोवती?”

“छे, फिरत नाही काही. पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंत धरावी लागते. बसलं की जातं.”

आपण दोन्हींना चक्करच म्हणतो, पण डॉक्टरांची तपासणी यावरूनच बदलते. खोली फिरली तर बहुतेकदा कानाकडे बघतात, अंधारी आली तर बीपी आणि हृदयाकडे. मी हे आधी विचारायलाच हवं होतं.

पुढच्या वेळी ‘डिझी’ शब्द टाळला. आईचं म्हणणं इंग्रजीत कागदावर लिहून नेलं: उभं राहिल्यावर लगेच, अर्धा मिनिट, नजर काळवंडते, खोली फिरत नाही, बसल्यावर थांबतं. ‘अंधारी’साठी ‘लाइटहेडेड ऑन स्टँडिंग’ लिहिलं. खाली बीपीच्या गोळीतल्या औषधाचं मूळ नाव, कारण इथे ब्रँड वेगळे असतात.

डॉक्टरांनी आडवं असताना आणि उभं केल्यावर बीपी मोजलं. वरचा आकडा १३८ वरून ११० वर आला. २० किंवा त्याहून जास्त घसरण झाली तर ती दखल घेण्याजोगी धरतात. त्यांनी बीपीच्या गोळीचा डोस कमी केला, गरगरण्याची गोळी बंद केली. आता आई आधी पलंगाच्या कडेला थोडं बसते, मग उठते.