पंगतीची वेळ धरून आचाऱ्यांच्या वेळा कशा लावाव्यात

पंगत १२:३०ची, पण सगळे एकदमच कामाला लागले की भात आधी होऊन गार होतो आणि पुऱ्या लाटायला हात कमी पडतात. म्हणून वेळ ताटापासून मागे मोजा. शंभरेक पानांचा हा हिशोब:

१. मसालेभात: मुरायला २० मिनिटं, शिजायला ४०, फोडणी नि परतायला २०. म्हणजे फोडणी ११:१०ला. भाजी चिरायला ४० मिनिटं, तेव्हा चिरणाऱ्याने १०:३०ला बसायचं.

२. पुऱ्या: पहिला घाणा १२:२०ला. लाट्या आणि लाटणं १२ला, त्याआधी कणीक २० मिनिटं मुरवायची, मळायला २०. मळणारा ११:२०ला.

आता भट्टी बघा, इथेच घोटाळा होतो. पुरीचं तेल तापायला १२:०५ला ठेवावं लागतं आणि भात १२:१०पर्यंत त्याच भट्टीवर असतो. दुसरी भट्टी नसेल तर भाताचं सगळं १५ मिनिटं अलीकडे घ्या: चिरणं १०:१५, फोडणी १०:५५. मुरलेला भात झाकून ठेवला तर गरम राहतो, तळलेली पुरी मात्र बसते.

प्रत्येकाची सुरुवातीची वेळ खडूने भिंतीवर लिहा. पाहुणे उशिरा येणार असं कळलं, तर फक्त तेल तापवणं आणि लाटणं पुढे ढकला.