प्रकल्पासाठी आमदारांना पत्र लिहिताना

नववीत नागरिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी आमच्या आमदारांची मुलाखत मागितली होती. यंदा धाकट्या भावाच्या वर्गालाही तोच प्रकल्प आहे, म्हणून हे लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी मतदारसंघ तपासा. नवी मुंबईत ऐरोली (१५०) आणि बेलापूर (१५१) असे दोन आहेत. घरातल्या कुणाच्याही मतदार ओळखपत्राच्या मागच्या बाजूला क्रमांक आणि नाव सापडतं. आम्ही नेरूळचे, म्हणजे बेलापूर.

खरी मेहनत विषय ठरवण्यात गेली. वर्गातून आलेले प्रश्न म्हणजे कचरा, खड्डे, पाण्याची वेळ. ही सगळी महापालिकेची कामं. आमदारांना विचारलं तर "पाठपुरावा करतो" एवढंच उत्तर मिळणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मग बागेतल्या व्यायामाच्या साहित्याजवळची पाटी आठवली, "आमदार स्थानिक विकास निधीतून". या निधीतलं काम आमदार फक्त सुचवतात. मंजुरी जिल्हाधिकारी देतात आणि काम सरकारी यंत्रणा करते. एवढं कळल्यावर प्रश्न आपोआप नेमके झाले. पत्राचा मुख्य भाग असा होता:

"प्रति, मा. आमदार, १५१ बेलापूर विधानसभा मतदारसंघ.
विषय : शालेय प्रकल्पासाठी मुलाखतीची वेळ मिळण्याबाबत.
महोदय/महोदया, मी इयत्ता नववीची विद्यार्थिनी आहे. आपल्या स्थानिक विकास निधीतून आमच्या बागेत बसवलेल्या व्यायाम साहित्यावर मी प्रकल्प करत आहे. ही मागणी कोणी केली, हीच जागा का निवडली आणि देखभाल कोणाकडे आहे, हे आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. त्यासाठी वीस मिनिटांचा वेळ मिळावा, ही विनंती. सोबत शिक्षिका असतील. प्रश्नावली जोडली आहे."

खाली माझी सही आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का. संपर्कासाठी शाळेचाच नंबर द्या, स्वतःचा नको. पत्राच्या दोन प्रती जनसंपर्क कार्यालयात न्यायच्या आणि एकीवर पोच घ्यायची, म्हणजे तारीख, शिक्का, सही. नंतर फोन केल्यावर स्वीय सहाय्यक पहिल्यांदा "पत्र कधी दिलं?" असंच विचारतात. सगळ्या भेटींची वही त्यांच्याकडेच असते, त्यामुळे त्यांच्याशी नीट बोला.

तारीख मागताना अधिवेशन बघा. हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरमध्ये नागपुरात भरतं, तेव्हा आमदार इथे नसतात. शाळांचे प्रकल्प नेमके त्याच सुमारास का निघतात, देव जाणे! आम्ही "अधिवेशनानंतर आपल्या सोयीने" असं लिहिलं आणि जानेवारीतली वेळ मिळाली.

देखभालीच्या प्रश्नावर उत्तर आलं की साहित्य बसवून झाल्यावर ते महापालिकेकडे सोपवलं जातं. मग तेच पत्र, 'प्रति' बदलून, बाईंनी महापालिकेच्या नेरूळ विभाग कार्यालयात द्यायला लावलं.