गणपतीला गावी जाताना नळीच्या पिशवीची तयारी

मधुमेहामुळे माझ्या मूत्राशयाचे स्नायू ढिले पडले आहेत. लघवी होते, पण अर्धीच. उरलेली आत साचते. म्हणून गेली तीन वर्षं मी दिवसातून पाच वेळा पातळ नळी स्वतः घालून मूत्राशय रिकामं करतो. डॉक्टर याला 'सीआयसी' म्हणतात, घरात आम्ही नुसतं 'नळी' म्हणतो. डोंबिवलीत हे अंगवळणी पडलं आहे. खरी परीक्षा होते ती गणपतीत, मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी, जिथे वीसेक माणसं, एक संडास, एक न्हाणीघर आणि भर पाऊस असतो. माझ्यासारखं कुणी चाकरमानी गावी निघत असेल, तर त्याच्यासाठी ही तयारी सविस्तर लिहितो. नळी घालायची पहिल्यांदा शिकायची ती मात्र मूत्ररोगतज्ज्ञांकडे किंवा त्यांच्या नर्सकडेच, वाचून नाही.

सगळ्यात आधी वेळापत्रक, नळ्या-जेली नंतर. हे मी चूक करून शिकलो. पहिल्या वर्षी घरून रात्री आठला नळी करून निघालो. गाडीतला संडास बघून मन धजेना, तेव्हा ठरवलं की गावी पोचल्यावरच करू. थोरला चुलतभाऊ फोनवर म्हणालाच होता, "पाणी कमी पी, म्हणजे जावक लागाचा नाय." मी पाणीही कमी केलं. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, त्यात ती आणखी उशिरा पोचली. सकाळी नऊला, म्हणजे तेरा तासांनी, नळी घातली तेव्हा 850 मिली लघवी निघाली. एरवी एका वेळी माझी 300 ते 400 निघते. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी हुडहुडी भरून ताप आला, कुशीत दुखायला लागलं. तपासणीत ई. कोलाय जंतू निघाला आणि आठवडाभर औषध घ्यावं लागलं.

मला वाटत होतं की संसर्ग घाणीतून होतो, म्हणून घाणेरड्या जागी नळी टाळणं हाच शहाणपणा. डॉक्टरांनी उलटं समजावलं. 1972 साली अमेरिकेत मिशिगनमधल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी ही पद्धत मांडली ती याच मुद्द्यावर: पूर्ण निर्जंतुक सामान नसलं तरी चालेल, नुसती स्वच्छता पुरे, पण मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं झालं पाहिजे. ते जास्त ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि आलेल्या थोड्या जंतूंनाही ती थोपवू शकत नाही. वर साचलेल्या लघवीत जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. म्हणजे घाणेरड्या संडासात हात नीट स्वच्छ करून केलेली नळी ही चुकवलेल्या नळीपेक्षा पुष्कळ बरी.

तेव्हा निघण्याआधी आठवडाभर वही ठेवा. किती वाजता, आपसूक किती झाली, नळीतून किती निघाली, एवढंच लिहायचं. मोजायला खुणांचं प्लास्टिकचं भांडं पुरतं. दोन्ही मिळून एका वेळी 500 मिलीच्या वर जाऊ नये, असं मला सांगितलं आहे. दिवसातल्या एखाद्या ठरावीक फेरीला ती वारंवार त्याच्या वर जात असेल, तर त्याच्या आधीची फेरी लवकर घ्यायची किंवा एक फेरी वाढवायची. माझ्या वहीत सकाळचा आकडाच फुगलेला असतो. दिवसभर खुर्चीत किंवा गाडीत बसून पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री लघवी बनून साचतं. म्हणून गावी मी दुपारी अर्धा तास पाय उंच करून पडतो आणि भजनं संपल्यावर झोपण्याआधीची नळी कितीही उशीर झाला तरी सोडत नाही. मोदकांचाही इथे संबंध आहे. साखर वाढली की लघवी जास्त बनते आणि मूत्राशय लवकर भरतं. ज्या दिवशी उकडीचे मोदक खाल्ले, त्या दिवशी सहावी फेरी धरून चालतो.

आता प्रवास. यंदाचा बेत असा आहे: घरून आठला, गाडीत चढण्याआधी स्टेशनवर साधारण बाराला, गाडीत पहाटे पाचला, गावी पोचल्यावर लगेच. फोनवर तिन्हींचे गजर लावून ठेवतो, कारण मला भरल्याची जाणीव नीट होत नाही आणि डुलकी लागली की वेळ जातेच. हलत्या गाडीत नळीचं टोक कुठेतरी टेकण्याची भीती असते. त्यासाठी मी नळीचं रुंद तोंड आधीच लघवीच्या पिशवीला जोडतो. मग भांडं धरायला नको, दोन्ही हात मोकळे राहतात. पाठ भिंतीला टेकवून उभं राहायचं, काम झालं की पिशवी ओतायची. पाणी मात्र कमी करत नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर, डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी वेगळं प्रमाण दिलं नसेल तर.

नळ्या किती न्यायच्या ते असं मोजतो. दहा दिवस, रोज पाच, म्हणजे पन्नास. टोक कुठे टेकलं किंवा पहिला प्रयत्न फसला तर दहा जास्तीच्या. दरड कोसळून गाडी अडकली किंवा मुक्काम वाढला तर आणखी दहा. एकूण सत्तर. मी 14 नंबरची साधी नेलॅटन नळी वापरतो, पुरुषांची, साधारण 40 सेंटिमीटर लांब. बायकांची आखूड असते. नंबर आपल्या चिठ्ठीत असेल तोच घ्या, मालवणात आयत्या वेळी मिळेलच असं धरू नका. सत्तरपैकी वीस खांद्यावरच्या पिशवीत, बाकी मोठ्या बॅगेत, म्हणजे एक हरवली तरी गळ्याशी येत नाही. त्या दुमडायच्या नाहीत. आणि कोकणातल्या दमट हवेत वरचं कागदी वेष्टन ओलं होतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. वेष्टन ओलं किंवा फाटलेलं दिसलं की ती नळी बाद.

पुष्कळ घरांत खर्चामुळे हीच नळी साबणाने आतून-बाहेरून धुऊन, वाळवून पुन्हा वापरतात, जरी पाकिटावर एकदाच वापरायची असं छापलेलं असतं. ते करायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण श्रावण-भाद्रपदात कोकणात नको, असं माझं ठाम मत आहे. जिथे टॉवेल तीन दिवस वाळत नाही तिथे चार-पाच मिलिमीटरच्या नळीचं आतलं अंग कसं वाळेल? आणि ओलं राहिलं की त्यात जंतू वाढणारच. पैसे जपायचेच असतील तर घरी जपा, या दहा दिवसांसाठी नव्या घ्या.

विहिरीचं पाणी पावसात लालसर होतं. चुलीवर किंवा गॅसवर खळखळून उकळलेलं, झाकून थंड केलेलं दोन बाटल्या पाणी मी रोज सकाळी वेगळं काढून ठेवतो. हात आणि इंद्रिय धुण्याला तेवढं पुरतं. सॅनिटायझर हातांसाठी सोबत असतोच, पण हाताला माती असेल तर तो उपयोगाचा नाही आणि नाजूक जागी तर लावायचाच नाही. जेलीच्या दोन ट्यूबा, पाण्यात विरघळणाऱ्या. कोकणात हाताशी खोबरेल असतं आणि कुणीतरी ते सुचवतंच. तेल पाण्यात विरघळत नाही, ते आतच राहतं, म्हणून नाही. व्हॅसलीनही नाही. शेवटी डोक्याला बांधायची बॅटरी. वीज जाते ती नेमकी नळी हातात असतानाच.

प्रत्यक्ष कृती मी रोज त्याच क्रमाने करतो. आधी आपसूक होईल तेवढी लघवी करून घेतो. सामान उघडून हाताजवळ मांडतो, मग साबणाने हात नखांसकट धुतो. त्वचा मागे ओढून टोक धुतो. नळीच्या पहिल्या वीतभर भागाला जेली लावतो, आणि जे टोक आत जाणार त्याला बोट लावत नाही. इंद्रिय पोटाच्या दिशेने वर धरून नळी हळू सरकवतो. पंधरा-वीस सेंटिमीटरवर अडकल्यासारखं होतं. तिथे झडप असते. तिथे ढकलायचं नाही. थांबायचं, लांब श्वास सोडायचा किंवा हलकेच खोकायचं आणि सौम्य दाब धरून ठेवायचा, ती आपोआप सैल होते. लघवी सुरू झाली की आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत.

धार थांबली म्हणजे झालं असं नसतं, आणि घाईत सगळे इथेच चुकतात. बाहेर कुणीतरी दार वाजवत असतं, आपण नळी ओढून मोकळे होतो आणि तळाशी थोडी लघवी उरते. नळी सेंटिमीटरभर मागे घ्यायची, पुन्हा धार आली की थांबायचं. असं दोन-तीनदा केलं की खरंच रिकामं होतं. मग नळीचं बाहेरचं तोंड चिमटीत धरून ती काढायची आणि मागे ओढलेली त्वचा पुढे आणायची. हे विसरलं तर ती अडकून सूज येते आणि दवाखाना गाठावा लागतो. बायकांचा मूत्रमार्ग तीन-चार सेंटिमीटरचाच असतो. पुसायचं ते पुढून मागे. नळी चुकून योनीत गेली तर ती खुणेसाठी तशीच ठेवून दुसरी नवी घालायची, तीच परत वापरायची नाही.

दोन प्रयत्नांत नळी गेली नाही आणि पोट तडस लागलं असेल तर तिसरा प्रयत्न जोर लावून करू नका, त्याने आत खोटी वाट पडते. थेट दवाखान्यात जा. जेलीवर रक्ताची रेघ अधूनमधून दिसते. गाठी आल्या किंवा लघवी लालभडक झाली तर थांबू नका.

लघवी गढूळ झाली किंवा वास आला एवढ्यावरून मी घाबरत नाही. नळी करणाऱ्यांच्या लघवीत जंतू बहुधा असतातच. त्रास नसेल तर त्यांना औषध लागत नाही, उलट उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू निर्ढावतात. म्हणून उगाच तपासणीही करत नाही. ताप, हुडहुडी, कुशीतली कळ, अचानक गळायला लागणं, नळी घालताना नवीन आग, यांपैकी काही आलं की मात्र त्याच दिवशी डॉक्टर. औषधाचा पहिला डोस घेण्याआधी लघवीचं कल्चर द्यायचं, तेही नव्या नळीतून थेट डबीत, पिशवीत साठलेल्यातून नाही. ताप चढत असेल तर मध्ये वेळ न घालवता ओरोसचं जिल्हा रुग्णालय. रात्री तिकडे कुणाच्या गाडीने जायचं हे पुतण्याशी आधीच ठरवून ठेवलं आहे. त्यासाठी त्याला सगळं सांगावं लागलं. आता मी न्हाणीघरात गेलो की तो दाराबाहेर उभा राहतो आणि कुणाला वाजवू देत नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी, मागच्या कल्चरचा कागद, मधुमेहाच्या गोळ्यांची नावं, कशाची ऍलर्जी आहे ते, हे सगळं एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून नळ्यांच्या डब्यावर चिकटवतो. आणि एक रिकामी जाड पिशवी वापरलेल्या नळ्यांसाठी घेतो. परसात पाचोळ्याबरोबर प्लास्टिक जाळायची आमच्याकडे सवय आहे, त्याचा धूर घरातल्या पोरांच्या नाकात जातो. त्या नळ्या कागदात गुंडाळून मी डोंबिवलीला परत आणतो.